एका फोटोतून खुर्च्या मोजताना: प्रकल्प नोंदी

३ जून

सदाशिव पेठेतल्या आमच्या संस्थेचं जुनं सभागृह आता अभ्यासिका आहे. पार्टिशनं, टेबलं, स्पर्धा परीक्षांची मुलं. खुर्च्या केव्हाच भंगारात गेल्या आणि आसनव्यवस्थेचा नकाशा कुणाकडेच नाही. अमृतमहोत्सवाच्या स्मरणिकेत कार्यवाहांनी लिहून ठेवलंय, 'तळमजल्यावर ८०० खुर्च्या होत्या'. मला हे पटत नाही. ड्राफ्ट्समन म्हणून चाळीस वर्षं नकाशे काढले आहेत. त्या खोलीत ८०० माणसं उभी राहतील, बसायची नाहीत.

पुरावा म्हणून हाती आहे तो एक कृष्णधवल फोटो. रंगमंचावरून सभागृहाकडे तोंड करून काढलेला, बहुधा तालमीच्या वेळी, कारण खुर्च्या रिकाम्या आहेत. पुढच्या आठ रांगा स्वच्छ दिसतात, त्यामागे अंधार. डावीकडे विंगेचा पडदा मध्ये आलाय, उजवा खालचा कोपरा वाळवीने खाल्लाय. पहिल्या रांगेत मधल्या वाटेच्या उजवीकडे जेमतेम तीन पूर्ण खुर्च्या येतात, आठव्या रांगेत सात, त्यापुढे कडेला अंधार. म्हणजे कुठलीच रांग टोकापर्यंत दिसत नाही आणि शेवटची रांग तर दिसतच नाही. मधल्या वाटेच्या टोकाला मागचं दार मात्र उघडं आहे आणि त्याचा उंबरठा उजेडात चमकतोय. त्याच्यावरच सगळी भिस्त.

भाच्याने फोटो पाहिला आणि दोन मिनिटांत उत्तर दिलं. सातव्या आणि आठव्या रांगेत फोटोवर जेवढं अंतर आहे, तेवढी अंतरं आठव्या रांगेपासून उंबरठ्यापर्यंत जेमतेम चार बसतात. म्हणून बारा रांगा, आणि रांगेत अंदाजे वीस खुर्च्या. "मामा, बारा गुणिले वीस, दोनशे चाळीस."

एक ८०० म्हणतो, दुसरा २४०.

५ जून

भाच्याच्या हिशेबात दोन चुका आहेत. रांगा जमिनीवर सारख्या अंतरावर असल्या, तरी फोटोत मागे मागे जवळ येत जातात. शेवटचं दिसलेलं अंतर घेऊन पुढे मोजत गेलं, की आकडा कमी येणारच. दुसरी चूक जरा लपलेली आहे. रांगा मोजताना तो खुर्चीच्या पाठीचा वरचा काठ धरतो आणि भिंत मोजताना जमीन धरतो. या दोन वेगळ्या पातळ्या आहेत.

कामाची सुरुवातही चुकीचीच झाली. भाच्याने मोबाइलने फोटोचा फोटो काढला होता. तो तिरका असता तरी चाललं असतं, कारण तिरकेपणात सरळ रेषा सरळच राहतात. पण जुना कागद पापडासारखा वळलाय आणि बाल्कनीचा कठडा धनुष्यासारखा वाकलेला दिसत होता. अशा चित्रावर कुठलंच माप घेऊ नये. अप्पा बळवंत चौकात जाऊन प्रिंट काचेखाली दाबून स्कॅन करून आणली. रुंदी ३००० पिक्सेल, उंची २०००. आता कठड्यावर पट्टी ठेवली तर ती बरोबर बसते.

६ जून

मूळ कल्पना एकच आहे, आणि चित्रकलेत यथार्थदर्शन केलेल्या कुणालाही ती अर्धी माहीत असते. सपाट जमिनीवरची वस्तू जितकी दूर, तितकी ती फोटोत क्षितिजरेषेच्या जवळ सरकते. ती नेमकी किती सरकते याचा नियम सोपा आहे. अंतर दुप्पट झालं की क्षितिजरेषेपासूनचं खालचं माप निम्मं होतं. म्हणजे ते माप अंतराच्या व्यस्त प्रमाणात. मग त्या मापाचा गुणाकार व्यस्त घेतला, म्हणजे १ भागिले ते माप, की तो अंतराच्या सम प्रमाणात येतो. रांगा सारख्या अंतरावर असतील तर हे व्यस्त आकडे सारख्या पावलांनी वाढत जातात. फोटोत आक्रसत जाणाऱ्या रांगा कागदावर पुन्हा सारख्या अंतरावर येतात, आणि अंधारातही पावलं टाकत जाता येतं.

कॅमेऱ्याचं भिंग, रंगमंचाची उंची, खुर्चीची इंचातली मापं, काही लागत नाही. आपल्याला मीटर नकोत, संख्या हवी आहे.

लागते ती क्षितिजरेषा. आणि तिथेच मी गडबडलो.

७ जून

छताच्या पट्ट्या स्वच्छ दिसतात म्हणून त्या वाढवून जिथे मिळतात तिथे क्षितिज धरलं: वरून ६२० पिक्सेल. मग वाटेच्या कडेच्या खुर्चीचा वरचा काठ आठही रांगांत मोजला. वरून १७०८, १५४०, १४२१, १३३०, १२६०, १२०३, ११५८ आणि ११२०. प्रत्येकातून ६२० वजा केले, व्यस्त घेतले (वाचायला सोपं म्हणून दहा हजाराने गुणले) आणि लागोपाठची पावलं काढली. १.६८, १.६१, १.६०, १.५४, १.५३, १.४३, १.४१. पावलं मागे मागे लहान होताहेत. म्हणजे एकतर मागच्या रांगा खरंच दाटीने लावल्या होत्या, किंवा माझं क्षितिज चुकलंय. मागच्या प्रेक्षकाचे गुडघे कमी लांबीचे नसतात.

रात्री आत्याकडे जेवायला गेलो होतो. तिने त्या सभागृहात कामं केली आहेत. सहज म्हणाली, "अरे, छत उतरतं होतं ना रे! मागे उंच, रंगमंचाकडे खाली. आवाज मागपर्यंत जावा म्हणून." झालं. छत रंगमंचाकडून मागे चढत जात असेल तर त्याच्या पट्ट्या खऱ्या क्षितिजाच्या वरच मिळणार. छत ही निराळी पातळी, तिचं क्षितिज निराळं. मला हवं होतं जमिनीचं.

८ जून

मधल्या वाटेवर काथ्याची पट्टी अंथरलेली आहे. तिच्या दोन्ही कडा वाढवल्या तर त्या ७०० पिक्सेलच्या आसपास मिळतात. 'आसपास' एवढ्यासाठी, की कडा झिजलेल्या आहेत आणि पाच-दहा पिक्सेल इकडे तिकडे होतात. मग भाच्याने उलट बाजूने तपासलं. क्षितिज बदलत जायचं आणि पुढच्या तीन पावलांची सरासरी मागच्या तीन पावलांशी कधी जुळते ते पाहायचं.

```python
import numpy as np
y = np.array([1708,1540,1421,1330,1260,1203,1158,1120])
for h in range(620, 741, 20):
    s = np.diff(1e4 / (y - h))
    print(h, s[:3].mean().round(2), s[-3:].mean().round(2))
```

६२० ला १.६३ आणि १.४६. ६८० ला १.८९ आणि १.८३. ७०० ला दोन्हीकडे १.९८. ७४० ला उलटं, २.२१ आणि २.३६. पट्टीच्या कडा आणि रांगा या दोन स्वतंत्र वाटांनी एकच जागा आली, म्हणून ७०० पक्कं.

प्रोग्रॅम नको असेल त्याच्यासाठी कागदावरची खूण: ७०० पासून मोजलं तर पहिली रांग १००८ वर, सातवी ४५८ वर. चौथी रांग या दोघींच्या बरोबर मध्ये, म्हणून तिचं माप त्यांचा हरात्मक मध्य असायला हवं. २ गुणिले १००८ गुणिले ४५८ भागिले १४६६, येतात ६२९.८. मोजलेलं माप ६३०.

कार्यवाहांनी विचारलं, जमीनही थोडी उतरती असेल तर? असली तरी चालेल, उतार एकसारखा असला की झालं. मग आपण काढलेलं क्षितिज त्या उतरत्या जमिनीचं असेल आणि पावलं सारखीच येतील. मागे मागे उतार वाढत जाणाऱ्या नव्या नाट्यगृहांत मात्र ही पद्धत फसते, कारण तिथे रांगांचे काठ एका पातळीत नसतातच. तेव्हा कुठलंही क्षितिज घेतलं तरी पावलं जुळत नाहीत, आणि तीच सावध होण्याची खूण.

११ जून

आता मागची भिंत. उंबरठा वरून ९७५ वर, म्हणजे क्षितिजाखाली २७५. पण तो जमिनीवर आहे आणि आपली पावलं खुर्चीच्या माथ्याच्या पातळीवरची. दोन्ही पातळ्यांचं नातं फोटोतूनच मिळतं. तिसऱ्या रांगेतल्या कडेच्या खुर्चीचा माथा क्षितिजाखाली ७२१ वर आणि तिचाच पाय १०९२ वर. भागाकार १.५१५. सपाट जमिनीवर हे गुणोत्तर सगळ्या रांगांना सारखंच राहतं. (पाचवीवर ताडून पाहिलं, तिथेही तेच.) म्हणून २७५ भागिले १.५१५, सुमारे १८१.५. भिंतीपाशी खुर्ची असती तर तिचा माथा इथे दिसला असता.

१८१.५ चा व्यस्त ५५.१, पहिल्या रांगेचा ९.९२, पाऊल १.९८५. भिंत पहिल्या रांगेपासून २२.८ पावलांवर आहे. भाच्याचा चेहरा पाहण्यासारखा होता. बाराच्या जागी बावीस-तेवीस रांगांची जागा.

क्षितिजाची चूक इथे किती महागात पडते तेही काढलं. ६२० धरून हाच हिशेब केला तर भिंत २०.७ पावलांवर येते. ८० पिक्सेलच्या चुकीला दोन रांगा. आमची खात्री दहा पिक्सेलच्या आत आहे, म्हणजे फार तर एक तृतीयांश रांगेचा फरक.

१४ जून

रांगेत किती खुर्च्या? फोटो रंगमंचाच्या बरोबर मधून, समोर तोंड करून घेतलाय. पाचव्या रांगेची दिसणारी दोन टोकं तीनच पिक्सेलने वरखाली आहेत, म्हणून एका रांगेत खुर्च्या सारख्याच रुंदीच्या दिसतात. आणि खुर्चीची रुंदी भागिले त्या रांगेचं क्षितिजापासूनचं माप, हे सगळीकडे ०.३०३ येतं. त्यामुळे न दिसणाऱ्या रांगेतही खुर्ची किती पिक्सेलची असेल ते सांगता येतं.

मागच्या भिंतीचा उजवा कोपरा ही उभी रेघ आहे, दाराच्या उजेडात पुसट दिसते. फोटोच्या मध्यापासून ७२६ पिक्सेल. तिथे खुर्ची ५५ पिक्सेलची असेल आणि मधल्या वाटेची अर्धी रुंदी ६६ ची. वजा करून भागलं तर वाटेपासून भिंतीपर्यंत बारा खुर्च्यांची जागा. पण भिंतीलगत ये-जा करायला वाट असणारच. ती किती? एक खुर्ची की दोन? इथे मी अंदाजाने दहा लिहून पुढे जाणार होतो.

मध्येच दुसरी एक गोष्ट दिसली, आणि ती आधी का दिसली नाही याची जरा लाज वाटली. तिसऱ्या रांगेची पहिली खुर्ची वाटेच्या मध्यापासून २६२ पिक्सेलवर सुरू होते. चौथी रांग मागे आहे, म्हणजे ती मध्याच्या आणखी जवळ सुरू व्हायला हवी. ती सुरू होते ३२४ वर! रांगेच्या मापाने भागलं तर ०.३६ आणि ०.५१. पुन्हा पाचवीला ०.३६, सहावीला ०.५१. फरक अर्ध्या खुर्चीचा. पुढच्याच्या डोक्याआडून दिसावं म्हणून एकाआड एक रांग अर्धी खुर्ची सरकवलेली. अशा रांगेत वाटेच्या प्रत्येक बाजूला दोन्ही टोकांना अर्धी अर्धी जागा मोकळी राहते आणि एक खुर्ची कमी बसते. सगळ्या रांगा सारख्या धरून गुणाकार केला असता तर वीस खुर्च्या हवेतच बसवल्या असत्या.

१७ जून

भाच्याने अंधाराच्या भागाचा उजळपणा ताणला. दाणे दाणे झाले, पण उजव्या बाजूच्या दारातून आलेला उजेड काही खुर्च्यांच्या पॉलिश केलेल्या माथ्यांवर चकाकतोय. पुसट आडव्या रेघा.

बघण्याआधी मी कागदावर लिहून ठेवलं: नववी रांग ३८८, दहावी ३६०, अकरावी ३३६. मोजल्या तर ३८७, ३६१ आणि ३३६. इथे आम्ही दोघांनी चहा केला.

अकरावीची रेघ उजवीकडे ११४० पिक्सेलवर तुटते. त्यातून वाटेचे १२२ वजा, उरलेल्याला १०२ ने भाग, दहा खुर्च्या. म्हणजे भिंतीलगतची वाट दोन खुर्च्यांची आणि अंदाजातले दहा आता मोजलेले दहा झाले.

पण बारावी रेघ ३१५ वर नाही. तिथे काहीच नाही. पुढची रेघ २८३ वर आणि तिच्यामागे २६८ वर. व्यस्तात पाहिलं तर अकरावी २९.७६, पुढची ३५.३४. अंतर ५.५८, म्हणजे २.८ पावलं. त्यामागचं पाऊल पुन्हा १.९८. मध्ये आडवी वाट आहे, बाजूच्या दारासमोरून जाणारी. आठ रांगांवरून मागचं सगळं धरून चाललो असतो, तर ही वाट खुर्च्यांनी भरून टाकली असती.

आता बाराव्या रांगेपासून भिंतीपर्यंत दहा पावलं उरतात, नेमकी ९.९५. शेवटची रांग एकविसावी धरली तर तिच्यामागे एकच पाऊल उरतं, म्हणजे दोन रांगांमध्ये गुडघ्यांना मिळते तेवढीच जागा. प्रेक्षक बाहेर पडण्याच्या दारासमोर एवढं अरुंद कुणी ठेवत नाही. विसावी धरली तर दोन पावलं. एकोणीस धरली तर तीन, जी वाया घालवल्यासारखी. म्हणून वीस रांगा. दहा रांगांत वीस वीस आणि दहा रांगांत अठरा अठरा, मिळून ३८०. आडव्या वाटेनंतर सरकवण्याचा क्रम नव्याने सुरू झाला असेल तर दोनाने फरक. एक रांग इकडे तिकडे झाली तर ३६२ ते ४००.

डावी बाजू उजवीसारखीच धरली आहे. पडद्याआडून आठव्या रांगेत पाचच खुर्च्या दिसतात. ही गोष्ट मोजलेली नाही, मानलेली आहे. वहीत लाल पेनाने लिहून ठेवलं.

बाल्कनीचा फक्त कठडा दिसतो. खालून काढलेल्या फोटोत वरची जमीन दिसत नाही, म्हणून तिचा आकडा यातून निघत नाही.

२० जून

कार्यवाहांना ३८० सांगितले. ते म्हणाले, "अहो, पण आठशे शोभतं. आणि लोक सतरंजीवर बसायचे, वाटेत बसायचे." बसत असतील. स्मरणिकेत 'खुर्च्या' असा शब्द आहे.

२ जुलै

पहिल्या पावसात अभ्यासिकेत ओल आली. दुरुस्तीसाठी व्हिनाइल उचलायचं ठरलं. दोन दिवस मुलं वरच्या मजल्यावर. खाली जुनी शहाबादी फरशी आहे आणि तिच्यात खुर्च्यांच्या पायांच्या बोल्टची भोकं, सिमेंटने बुजवलेली पण गोल डाग स्वच्छ. खडू, टेप आणि भाचा घेऊन सकाळी आठला गेलो. एक ते चार कुलूप, त्यामुळे घाई.

भाच्याने पहिल्या रांगेची उजवी बाजू मोजली आणि ओरडला, "मामा, अकरा!" माझ्या पोटात गोळा. मग लक्षात आलं की तो पाय मोजत होता. शेजारच्या दोन खुर्च्यांना मधला पाय एकच असतो, म्हणून दहा खुर्च्यांना अकरा पाय. दुसऱ्या रांगेत दहा पाय, नऊ खुर्च्या.

रांगेपासून रांग साडेतेहेतीस इंच. अकरावी ते बारावी ९४ इंच, भागाकार २.८. एकूण रांगा वीस. आडव्या वाटेनंतरची पहिली रांग अठराचीच, क्रम तुटला नव्हता.

चूक निघाली ती लाल पेनाच्या ओळीत. डाव्या मागच्या कोपऱ्यात बाल्कनीचा जिना होता, त्याच्या पायऱ्यांची खूण भिंतीवर अजून आहे. शेवटच्या तीन रांगांत डावीकडे चार चार खुर्च्या कमी. घरी येऊन फोटो पुन्हा पाहिला. तिथे एक उभी काळी कड आहे, मी तिला बाल्कनीचा खांब समजलो होतो. खांब असता तर उजवीकडेही तसाच एक हवा होता.

३८० वजा १२, ३६८.

४ जुलै

प्रूफ आलं. 'तळमजल्यावर ३६८ खुर्च्या, शिवाय बाल्कनी'. कार्यवाहांनी पुढे हाताने जोडलंय, 'आणि गर्दीच्या प्रयोगांना सतरंज्या'. आत्याला वाचून दाखवलं. ती म्हणाली सतरंज्या दोनच होत्या, एक कायम रंगमंचावर असायची.